प्रस्तावाचा पहिला परिच्छेद नव्याने लिहिताना: किती, कधी आणि काय मिळणार

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या मालकाकडे ऑफर पोचते ती बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर. पीडीएफ उघडण्याआधीच पहिल्या पानाचा वरचा भाग छोट्या चौकटीत दिसतो. उघडल्यावर फोनच्या पडद्यावर वाचता येईल इतकं मोठं केलं की एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा मावतो. मालक तेवढं बघतात आणि दोनपैकी एक गोष्ट करतात: प्लान्ट हेडला फोन लावतात, नाहीतर "संध्याकाळी बघू" म्हणून फोन खाली ठेवतात. ती संध्याकाळ बरेचदा येतच नाही.

टेक्नो-कमर्शियल ऑफरची आतली पानं आपल्याकडचे इंजिनिअर चांगली लिहितात. ड्रॉइंग असतं, डेटाशीट असते, किमतीचा तक्ता असतो. ढिला असतो तो सुरुवातीचा सारांश, कारण तो सगळ्यात शेवटी, घाईत, जुन्या फाइलमधून उचलून चिकटवला जातो. तो दुरुस्त कसा करायचा हे एका उदाहरणावर धरून सांगतो. भाषा सुधारणं हे त्यातलं शेवटचं काम आहे, आधीची सगळी कामं आकड्यांची आहेत. बडोद्यात खऱ्या ऑफर इंग्रजीतच जातात. इथे मराठीत देतो, रचना तीच.

उदाहरण

समजा, दोन पाळ्यांत चालणारा एक मशीन शॉप आहे. 45 किलोवॅटचा जुना, एकाच वेगाने फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसर सगळ्या शॉपला हवा पुरवतो. ऑफर देणारी कंपनी तीन कामं सुचवते: हवेच्या लाइनमधली गळती दुरुस्त करणं, प्रेशर 8 बारवरून 7 बारवर आणणं, आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा 37 किलोवॅटचा व्हीएफडी कॉम्प्रेसर बसवणं. जुना कॉम्प्रेसर स्टँडबाय म्हणून राहील. काम योग्य आहे, किंमतही वाजवी आहे. सारांश मात्र असा:

> आमची कंपनी कॉम्प्रेस्ड एअर क्षेत्रात अग्रेसर असून गुणवत्ता आणि ग्राहकांचे समाधान हे आमचे ब्रीद आहे. आपल्या चौकशीनुसार आम्ही आपल्या प्लान्टची सविस्तर पाहणी केली. वाढते वीजदर लक्षात घेता ऊर्जाबचत ही काळाची गरज आहे. त्यानुसार आम्ही अत्याधुनिक व्हीएफडी तंत्रज्ञानावर आधारित कॉम्प्रेसर सुचवत असून, लिकेज दुरुस्ती आणि प्रेशर ऑप्टिमायझेशनसह 35 टक्क्यांपर्यंत ऊर्जाबचत अपेक्षित आहे. सविस्तर किंमत परिशिष्ट 'क' मध्ये व वेळापत्रक परिशिष्ट 'ड' मध्ये जोडले आहे. आपल्या सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा.

पहिली पायरी: पेन्सिल घ्या आणि मालकाच्या तीन प्रश्नांना उत्तर देणारे शब्द फक्त अधोरेखित करा. किती लागणार, कधी होणार, काय मिळणार. वरच्या परिच्छेदात "35 टक्क्यांपर्यंत" एवढंच अधोरेखित होतं. तोही आकडा नीट नाही, त्याकडे पुढे येतो. उरलेलं सगळं वाक्य बदलून सुधारणार नाही. ते काढायचंच आहे. म्हणून या परिच्छेदावर शब्द खोडत बसू नका. कोरा कागद घ्या.

खर्च: मालकाच्या खिशातून एकूण किती जाणार

कोऱ्या कागदावर आधी आपल्या किमतीच्या तक्त्यातली बेरीज उतरवा. उदाहरणात कॉम्प्रेसरचे 9 लाख 60 हजार, गळती दुरुस्तीचे 1 लाख 10 हजार, पाइपिंग आणि बसवणीचे 1 लाख 30 हजार, असे मिळून 12 लाख होतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सारांशात 12 लाख लिहितात.

पण "ग्राहकाने करावयाची कामे" हे पान उघडून बघा. तिथे लिहिलेलं असतं की पॅनेलपासून केबल ग्राहकाची, कॉम्प्रेसरची गरम हवा शेडबाहेर काढणारं डक्ट ग्राहकाचं. ते फुकट होत नाही. आपण दोन्हींचा अंदाज घेतला आणि समजा 60 हजार आला, तर मालकाच्या दृष्टीने प्रकल्प 12 लाख 60 हजारांचा आहे. हा आकडा त्यांना आपल्याकडून कळायला हवा. तो दोन आठवड्यांनी स्वतःच्या इलेक्ट्रिशियनकडून कळला, तर आपल्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

मग जीएसटी. कॉम्प्रेसरवर 18 टक्के आहे, म्हणजे 12 लाखांवर 2 लाख 16 हजार. नोंदणीकृत कारखान्याला हा कर साधारणपणे इनपुट क्रेडिट म्हणून वजा करून मिळतो, त्यामुळे परतफेडीच्या हिशोबात तो धरायचा नाही. मात्र पैसे आधी बाहेर जातात, आणि अकाउंट्सवाल्यांना ते किती हे लागतं. म्हणून सारांशात मुख्य आकडा कर सोडून द्यावा आणि कराची रक्कम त्याच ओळीत शेजारी द्यावी. "कर अतिरिक्त" एवढंच लिहिलं की वाचणाऱ्याला कॅल्क्युलेटर काढावा लागतो. जिथे कॅल्क्युलेटर काढावा लागतो तिथे तो वाचायचा थांबतो.

एक मोह टाळायला सांगतो. किंमत मोठी वाटेल म्हणून ती खालच्या ओळीत ढकलायची, आधी फायदा सांगून वातावरण तयार करायचं, असं सेल्समध्ये शिकवतात. समोरासमोर बोलताना ते चालतं. कागदावर नाही, कारण कागद हातात असलेला माणूस किंमत शोधायला सरळ शेवटच्या पानावर जातो आणि मधलं सगळं राहून जातं. किंमत पहिल्या ओळीत सापडली तर तो पुढची ओळ शांतपणे वाचतो.

मुदत: कोणत्या दिवसापासून, आणि काम किती थांबणार

"डिलिव्हरी 6 ते 8 आठवडे" या वाक्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून गेल्या आहेत. आठवडे कुठून मोजायचे? पीओ मिळाल्यापासून, अॅडव्हान्स जमा झाल्यापासून की ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून? आणि डिलिव्हरी म्हणजे मशीन गेटवर येणं की हवा लाइनमध्ये जाणं? मालकाच्या लेखी काम पूर्ण होणं म्हणजे नव्या मशीनची हवा शॉपमध्ये येणं. मुदतीचा शेवट तोच धरा आणि आठवड्यांऐवजी तारीख लिहा.

तारीख काढायची तर आपल्या गावाचं कॅलेंडर समोर ठेवावं लागतं. 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. बडोद्यातले बरेच कारखाने तेव्हा बंद होतात ते लाभपंचमीला उघडतात. कॉम्प्रेसर बदलायला याहून चांगला काळ नाही, कारण शॉपला तेव्हा हवा लागतच नाही. मशीन यायला सहा आठवडे लागत असतील तर 21 सप्टेंबरला आलेल्या ऑर्डरचं मशीन 2 नोव्हेंबरला गेटवर असेल. सुट्टीआधी हाताशी पाच-सहा दिवस राहतात. गळतीचं काम ऑक्टोबरमधल्या साप्ताहिक सुट्ट्यांत उरकतं. (नवरात्रात संध्याकाळी उशिरापर्यंतचं काम लावू नका. त्या दिवसांत इथे माणसं मिळत नाहीत, हे वेळापत्रक करणाऱ्याला आधीच ठाऊक असावं.)

आता 21 सप्टेंबर ही तारीख आपण गळ्यात बांधलेली मुदत राहत नाही, तिच्यामागे कारण उभं राहतं. त्यानंतर ऑर्डर आली तर मशीन दिवाळीच्या बंदमध्ये बसणार नाही आणि पुढे केव्हातरी कामाचा एखादा दिवस थांबवावा लागेल. हे सारांशात एका वाक्यात सांगा. "ऑफर मर्यादित काळासाठी" असल्या वाक्याने मालक हलत नाहीत. उत्पादनाचा दिवस वाचतो म्हटल्यावर ते तारीख डायरीत लिहून ठेवतात.

ऑफरची वैधता आणि ही तारीख एकमेकांशी जुळते का तेही बघा. वैधता 15 सप्टेंबरला संपते आणि सारांश 21 पर्यंत ऑर्डर द्या म्हणतो, असं झालेलं दिसतं. वैधता जुन्या फाइलमधून तशीच आलेली असते.

फायदा: टक्के कशाचे?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सारांश बहुतेक वेळा इथेच फसतो.

"35 टक्क्यांपर्यंत ऊर्जाबचत" वाचून मालकांच्या डोळ्यांसमोर एमजीव्हीसीएलचं विजेचं बिल येतं. समजा ते वर्षाला 60 लाखांचं आहे. त्याचे 35 टक्के म्हणजे 21 लाख. आपल्याला म्हणायचं असतं कॉम्प्रेसर खातो त्या विजेचे टक्के, आणि "पर्यंत" म्हणजे सगळं जमून आलं तर. ऑर्डर मिळेलही, पण सहा महिन्यांनी बिलात तेवढा फरक दिसला नाही की भांडण नक्की. म्हणून सारांशात टक्के लिहू नका. आजचा खर्च रुपयांत, नंतरचा खर्च रुपयांत, आणि दोन्हींतला फरक द्या.

आजचा खर्च मोजावा लागतो. कॉम्प्रेसरच्या फीडरवर एनर्जी मीटर लावून निदान दोन आठवडे नोंद घ्या. उदाहरणात कॉम्प्रेसर 60 टक्के वेळ लोडवर 50 किलोवॅट घेतो आणि उरलेल्या 40 टक्के वेळात, हवा न देता नुसता फिरत असताना, 16 किलोवॅट घेतो. सरासरी 36.4 किलोवॅट झाली. दोन पाळ्यांचे 16 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 4,800 तास, म्हणजे सुमारे 1 लाख 75 हजार युनिट. बिलातली एकूण रक्कम भागिले युनिट असा दर काढला आणि तो समजा 8 रुपये आला, तर नुसत्या हवेवर वर्षाला 14 लाखांची वीज जाते. हा आकडा बऱ्याच मालकांनी कधी पाहिलेला नसतो. सारांशात त्याला जागा द्यायलाच हवी.

गळतीचा आकडाही अंदाजाने टाकू नका, तो काढणं सोपं आहे. सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारं एकही मशीन चालू नसताना, कॉम्प्रेसर सुरू करा आणि घड्याळ लावून बसा. प्रेशर भरायला तो लोडवर किती वेळ जातो आणि प्रेशर उतरेपर्यंत अनलोडवर किती वेळ राहतो, ते चार-पाच वेळा लिहून घ्या. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर. दीड मिनिट लोड आणि साडेआठ मिनिटं अनलोड असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 15 टक्के हवा कुणीही वापरत नसताना बाहेर चालली आहे. शॉपची सरासरी मागणी क्षमतेच्या 60 टक्के असताना 15 टक्के गळती, म्हणजे बनणाऱ्या हवेचा चौथा हिस्सा वाया. क्विक कपलिंग, जुने होज, हवा गाळणाऱ्या आणि प्रेशर ठरवणाऱ्या एफआरएलचे बाउल, थ्रेडचे जोड, हीच बहुधा ठिकाणं. ती सगळी शंभर टक्के बंद होत नाहीत. 15 ची गळती 5 वर येईल असं धरणं व्यवहाराला धरून आहे.

गळती घटल्याने मागणी 60 वरून 50 टक्क्यांवर येते. व्हीएफडी मशीन अनलोडवर नुसतं फिरत राहत नाही. प्रेशर एक बार उतरवल्याने 6 ते 7 टक्के वीज आणखी वाचते. सगळं धरून सरासरी 36.4 वरून 25 किलोवॅटच्या आसपास येते. फरक 11 किलोवॅटच्या थोडा वर. कागदावर वर्षाला साधारण 54-55 हजार युनिट निघतात. सारांशात 52 हजार धरले, म्हणजे 4 लाख 16 हजार रुपये. थोडं हातचं राखून धरलेला एकच आकडा, "4 ते 6 लाख" अशा पसरट आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. पसरट आकड्यातला मालक वरचा लक्षात ठेवतात आणि अकाउंट्सवाले खालचा, आणि मग त्या दोघांचंच जुळत नाही.

12 लाख 60 हजार भागिले 4 लाख 16 हजार, म्हणजे तीन वर्षांत खर्च वसूल.

आता या आकड्याची अट. तो दोन पाळ्यांवर उभा आहे. मंदीत शॉप एका पाळीवर आला तर बचत निम्मी होते आणि वसुली सहा वर्षांवर जाते. ही ओळ सारांशात घालायला सेल्सची माणसं नाखूश असतात. मी ती घालायचा आग्रह धरतो. मालकाला आपल्या ऑर्डर बुकची स्थिती आपल्यापेक्षा चांगली माहीत असते. एका पाळीचा हिशोब ते मनात करतीलच. तो आपण करून दिला तर बाकीचा हिशोबही त्यांना पटतो.

"हमी" हा शब्द मात्र जपून. करारात बचत कमी पडल्यास पैसे कापण्याचं कलम असेल तरच तो वापरा. नसेल तर "सुमारे" लिहा आणि बचत कशी दाखवणार ते सांगा: त्याच फीडरवर, त्याच मीटरने, बसवणीनंतर महिनाभर नोंद, आणि तुलना दोन पाळ्या चाललेल्या दिवसांचीच.

आता लिहायला बसा

कागदावर आता चार-पाच आकडे आणि दोन तारखा आहेत. त्यांना क्रम द्यायचा. मी विषयाच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण व्हॉट्सअॅपच्या चौकटीत तीच दिसते. तिथे "ऊर्जाबचत प्रस्ताव" लिहून जागा फुकट घालवू नये. कंपनीचा लोगो आणि पत्ता पानाचा वरचा पाव भाग खात असेल तर तो एका पट्टीत आणा किंवा खाली तळाशी न्या.

नवा सारांश असा होतो:

> विषय: कॉम्प्रेसर बदल आणि गळती दुरुस्ती. खर्च 12.60 लाख, दिवाळीनंतर चालू, वर्षाला सुमारे 4.16 लाखांची बचत
>
> खर्च: एकूण 12 लाख 60 हजार रुपये, जीएसटी सोडून. यात आमचं बिल 12 लाख (त्यावर जीएसटी 2 लाख 16 हजार) आणि आपल्याकडचं केबल व डक्टचं काम अंदाजे 60 हजार.
>
> मुदत: 21 सप्टेंबरपर्यंत ऑर्डर मिळाल्यास मशीन 2 नोव्हेंबरला पोचेल, दिवाळीच्या बंदमध्ये बसेल आणि लाभपंचमीला कारखाना उघडेल तेव्हा चालू असेल. उत्पादन थांबणार नाही. ऑर्डर उशिरा आल्यास बसवणीसाठी कामाचा एक दिवस बंद ठेवावा लागेल.
>
> फायदा: हवेसाठी आज वर्षाला सुमारे 14 लाखांची वीज लागते, बदलानंतर सुमारे 9 लाख 80 हजारांची लागेल. खर्च साधारण तीन वर्षांत वसूल. हिशोब दोन पाळ्या, 300 दिवस आणि 8 रुपये युनिट धरून केला आहे. एकच पाळी चालल्यास वसुलीला सहा वर्षे.
>
> आपल्याकडून अपेक्षित: 21 सप्टेंबरपर्यंत ऑर्डर आणि 3 लाख 60 हजार अॅडव्हान्स. मशीन पाठवताना 7 लाख 20 हजार आणि जीएसटी. शेवटचे 1 लाख 20 हजार महिन्याभराची मीटर-नोंद दाखवल्यावर.

कंपनीची ओळख गेली. ती दुसऱ्या पानावर जाऊ दे, ज्याला हवी तो वाचेल. "व्हीएफडी" हा शब्दही सारांशात नाही. मालकाला तो माहीत नसतो असं नाही, पण निर्णय त्या शब्दावर होत नाही. प्लान्ट हेडसाठी तो पुढच्याच पानावर आहे. तंत्राचं एकही वाक्य पहिल्या पानावर नको असं मात्र नाही. या कारखान्यात मागे एखादा व्हीएफडी कॉम्प्रेसर बसवून पस्तावले असतील, तर "जुना कॉम्प्रेसर स्टँडबाय राहील" हे वाक्य फायद्याच्या ओळीतच घाला. भीती कशाची आहे हे पाहणीच्या वेळी प्लान्ट हेडला विचारून घ्यावं. तो सांगतो.

शेवटची ओळ, आपल्याकडून काय अपेक्षित, ही सर्वांत जास्त वगळली जाते. "सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा" वाचून मालकाने नेमकं काय करायचं? कुणाला सांगायचं, किती पैसे सोडायचे? तारीख आणि रक्कम लिहिली की ते तीच ओळ अकाउंट्सला पुढे पाठवू शकतात. बऱ्याचदा ते अख्खी ऑफर पाठवत नाहीत, सारांशाचा स्क्रीनशॉटच पाठवतात. म्हणून चारही ओळी एका स्क्रीनशॉटमध्ये मावतात का ते बघणं महत्त्वाचं. मावत नसतील तर मुदतीतलं शेवटचं वाक्य आधी काढा, खर्चाचा तपशील नंतर. फायद्याची अट काढू नका.

पाठवण्याआधीची तपासणी

पीडीएफ स्वतःच्याच फोनवर पाठवा आणि उघडा. लॅपटॉपवर नीट दिसणारा चार रकान्यांचा तक्ता फोनवर मुंगीएवढा होतो. सारांशात तक्ता नको, ठळक शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी ठेवा.

मग ऑफिसमधल्या अशा माणसाला दाखवा ज्याचा या कामाशी संबंध नाही. अकाउंट्समधल्या ताई उत्तम. वीस सेकंद बघू द्या, फोन परत घ्या आणि विचारा: किती खर्च, कधी चालू, काय मिळणार? अडखळल्या तर कुठे, ते लक्षात ठेवा. या उदाहरणात खर्चाची दोन रूपं आहेत, 12 लाख आणि 12 लाख 60 हजार. ताईंनी "12 लाख" म्हटलं तर समजा की मोठा आकडा पुरेसा पुढे आलेला नाही, किंवा कंसाने त्याला गिळलं आहे. "आवडलं का" असं विचारू नका, त्याने काहीच कळत नाही.

तिसरी तपासणी कंटाळवाणी आहे, पण ती करायलाच हवी. सारांशातला प्रत्येक आकडा आतल्या पानावरच्या आकड्याला बोट लावून जुळवा. गडबड कुठे होते तेही ठरलेलं आहे. घासाघीस होऊन 12 लाखांचे 11 लाख 50 हजार होतात, किमतीचा तक्ता बदलतो, सारांश तसाच राहतो. किंवा सारांश बदलतो, पण तीन वर्षांची वसुली आणि अॅडव्हान्सची रक्कम जुनीच राहते. किंमत बदलली की पाच जागा बदलतात: विषयाची ओळ, एकूण खर्च, जीएसटी, वसुलीचा काळ, पैशांचे हप्ते. या पाच जागांची नोंद फाइलच्या पहिल्याच पानावर टिप्पणी म्हणून ठेवा आणि सुधारित ऑफरला "आर 1", "आर 2" असा क्रमांक तारखेसह द्या. पर्चेसवाल्यांकडे जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली असतात, आणि त्यातली कोणती मालकांनी पाहिली हे क्रमांकाशिवाय कळत नाही.

ही रचना कुठे चालत नाही

सरकारी किंवा मोठ्या कंपनीच्या दोन लिफाफ्यांच्या टेंडरमध्ये तांत्रिक आणि किमतीची बोली वेगळी जाते. तिथे तांत्रिक लिफाफ्यात किंमत दिसली तर बोली बाद होऊ शकते. खर्चाची ओळ तर काढाच, पण विषयाच्या ओळीतला आकडा, हप्त्यांच्या रकमा आणि वसुलीची वर्षंही काढा, कारण बचत आणि वसुली दोन्ही माहीत असली की किंमत उघड होते. मुदत आणि फायदा ठेवता येतात. सारांशाचा नमुना तिथे टेंडरच्या कागदपत्रांत दिलेला असेल तर तोच वापरावा.

दुसरी अडचण जास्त नेहमीची आहे. मीटर लावू दिला नाही, सुट्टीच्या दिवशी शॉप उघडून मिळाला नाही, आणि तरी मालकांना उद्या ऑफर हवी आहे. अशा वेळी आकडा बनवू नका, कामाचा तुकडा करा. पहिल्या ऑफरचा सारांश फक्त मोजणीचा लिहा: मीटर आणि गळती चाचणीचा खर्च किती, दोन आठवड्यांत अहवाल कोणत्या तारखेला, आणि त्या अहवालातून मालकांना नेमके कोणते दोन आकडे मिळणार, म्हणजे हवेवरचा वर्षाचा खर्च आणि गळतीत जाणारा हिस्सा. पुढे कॉम्प्रेसरची ऑर्डर आली तर मोजणीचे पैसे त्यात वळते करणार असाल तर तेही त्याच ओळीत लिहा. त्याही सारांशाची मांडणी हीच, खर्च, मुदत, फायदा आणि शेवटी आपल्याकडून अपेक्षित: कोणत्या रविवारी गेट उघडून मिळेल आणि किल्ली कोणाकडे असेल.